विश्लेषण : प्रवासखर्चाचे पैसे अडकले, साहेबांना आठवण कशी करायची?

कंपनीच्या कामासाठी दौरा केला, खर्च स्वतःच्या खिशातून भागवला, बिले जोडून क्लेमही टाकला. त्यानंतर आठवडा उलटला तरी खात्यात काही आले नाही. विचारावे तर ‘याला आमच्यावर विश्वास नाही’ असे साहेबांना वाटेल, आणि गप्प राहावे तर क्रेडिट कार्डाचे बिल समोर. ऐरोली, वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांत काम करणाऱ्या आणि कळवा, खारेगाव, विटावा भागात राहणाऱ्या अनेक तरुणांची ही अडचण असते. ती केवळ शब्दांची नाही. क्लेम नेमका कुठे थांबला आहे हे कळल्याशिवाय योग्य शब्द सापडत नाहीत. ते कसे शोधायचे आणि मग काय लिहायचे, हे एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण काय आहे?

समजा, खारेगावात राहणारा एक सर्व्हिस इंजिनीअर आहे. कंपनीने त्याला ३ ते ५ तारखेदरम्यान छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत मशीन दुरुस्तीसाठी पाठवले. कळव्याला लांब पल्ल्याच्या गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे पहाटे रिक्षाने ठाणे स्थानक आणि तिथून रेल्वे. जाण्यायेण्याचे रेल्वे तिकीट १,३४० रुपये, दोन रात्रींचे हॉटेल करासह ५,०४० रुपये, जेवण १,१५० रुपये आणि रिक्षा-टॅक्सी १,८७० रुपये. एकूण ९,४०० रुपये. यातले तिकीट आणि हॉटेल, म्हणजे ६,३८० रुपये, त्याने क्रेडिट कार्डावर भरले. कार्डाचे बिल भरण्याची शेवटची तारीख २८.

परतल्यावर ९ तारखेला त्याने पोर्टलवर क्लेम टाकला. १६ तारीख आली, साहेबांकडून हो नाही की नाही नाही. सकाळच्या लोकलमध्ये दाटीत उभ्या उभ्या त्याने मोबाइलवर संदेश लिहिला : ‘सर, माझा ट्रॅव्हल क्लेम अजून अप्रूव्ह झाला नाही. किती दिवस लागतील? मला पैशांची गरज आहे.’

यात खोटे काही नाही आणि उद्धटही काही नाही. तरी हा संदेश पाठवण्याआधी थांबलेले बरे. त्याचे कारण समजण्यासाठी क्लेमचा प्रवास पाहावा लागेल.

क्लेम टाकल्यानंतर होते काय?

बहुतेक कंपन्यांत क्लेम तीन टेबलांवरून जातो. पहिले टेबल साहेबांचे. दौरा खरोखर झाला का, तो कामाचाच होता का आणि खर्च कोणत्या प्रकल्पाच्या खात्यात टाकायचा, हे ते ठरवतात. दुसरे टेबल फायनान्सचे. तिथे बिले, कंपनीने ठरवलेल्या मर्यादा आणि कराचा तपशील तपासला जातो. तिसरा टप्पा प्रत्यक्ष पैसे सोडण्याचा. हे काम रोज होत नाही. महिन्यातून एकदा किंवा दोनदा मंजूर क्लेमची यादी बंद होते आणि त्या यादीतल्या सगळ्यांचे पैसे एकत्र खात्यात जातात.

आपल्या इंजिनीअरच्या कंपनीत ही यादी २० तारखेला बंद होते आणि पैसे २५ तारखेला सुटतात, असे धरू. म्हणजे साहेबांनी १९ तारखेला मंजुरी दिली काय किंवा १० तारखेला दिली काय, पैसे २५ लाच येणार. पण त्यांनी २१ तारखेला मंजुरी दिली तर पैसे थेट पुढच्या महिन्याच्या २५ ला. साहेबांच्या दृष्टीने तो दोन दिवसांचा उशीर असतो, कर्मचाऱ्याच्या दृष्टीने एक महिन्याचा. साहेबांना मुद्दाम त्रास द्यायचा असतो असे नाही. ही यादी कधी बंद होते, हेच अनेकदा त्यांच्या लक्षात नसते. आठवण करण्याचा खरा उपयोग इथे आहे : ही तारीख त्यांच्यापर्यंत पोहोचवणे.

पगाराला तारीख असते, मग याला का नाही?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ नुसार मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. मात्र याच संहितेतील ‘वेतना’च्या व्याख्येतून कामाच्या स्वरूपामुळे करावा लागलेला विशेष खर्च भागवण्यासाठी दिलेली रक्कम वगळली आहे. आधीच्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही तसेच होते. त्यामुळे सात तारखेचे बंधन दौऱ्याच्या खर्चाला लागू होत नाही. याचा अर्थ कंपनी हे पैसे बुडवू शकते असा नाही. ते देणेच आहे. पण ते कधी द्यायचे, हे कंपनीच्या प्रवासखर्च धोरणातून ठरते.

उलट, क्लेम टाकणाऱ्याला मात्र बहुतेक ठिकाणी मुदत असते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचेच उदाहरण घ्या. दौऱ्याच्या प्रवासभत्त्याचा दावा पूर्वी एक वर्षापर्यंत करता येत असे. २०१८ मध्ये ही मुदत प्रवास संपल्यापासून ६० दिवसांवर आणली गेली. खासगी कंपन्या आपापली मुदत ठरवतात. म्हणून पहिले काम हे की धोरणाचा कागद उघडून दोन तारखा शोधायच्या : क्लेम टाकण्याची शेवटची तारीख आणि पैसे सुटण्याची तारीख. दुसरी तारीख कागदावर नसेल तर फायनान्समधल्या सहकाऱ्याला विचारावी. ‘या महिन्याची यादी कधी बंद होते?’ या प्रश्नात कुणाचीही तक्रार नसते.

क्लेम कुठे अडकला आहे, हे कसे ओळखायचे?

पोर्टलवर क्लेमसमोर एक स्थिती लिहिलेली असते. तिचे शब्द प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळे असले तरी अर्थ साधारण चारच. ‘ड्राफ्ट’ असेल तर क्लेम मुळात गेलेलाच नाही. बिले जोडून ‘सेव्ह’ केले आणि ‘सबमिट’ राहिले, असे पुष्कळदा होते. आठ दिवस साहेबांवर मनात चिडून शेवटी चूक आपलीच निघते. ‘सेंट बॅक’ असेल तर काहीतरी दुरुस्त करायला तो आपल्याकडेच परत आला आहे आणि त्याची ई-मेल कुठेतरी खाली गेली आहे. ‘अप्रूव्ह्ड’ असेल तर साहेबांचे काम झाले आहे, आता त्यांना विचारून उपयोग नाही, विचारायचे फायनान्सला. उरली ‘पेंडिंग’. साहेबांना आठवण करण्याची वेळ फक्त या चौथ्या स्थितीत येते.

ही दोन मिनिटांची तपासणी न करता ‘सर, क्लेमचं काय झालं?’ असे विचारले आणि साहेबांनी आठवड्यापूर्वीच मंजुरी दिलेली असली, तर तो प्रश्न त्यांना आरोपासारखा वाटतो. अविश्वासाची भावना पुष्कळदा शब्दांतून नव्हे, तर अशा अपुऱ्या माहितीतून तयार होते.

आपल्या इंजिनीअरने पोर्टल उघडले. स्थिती ‘पेंडिंग’, नाव साहेबांचे. आता संदेश लिहायचा.

पहिल्या संदेशात खटकणारे काय होते?

पहिला शब्द ‘अजून’. ‘क्लेम मंजूर झाला नाही’ ही माहिती असते, ‘अजून मंजूर झाला नाही’ ही तक्रार होते. एका शब्दाने ‘एव्हाना व्हायला हवा होता’ असा अर्थ जोडला जातो. ‘तरी’, ‘परत एकदा’ आणि ‘मी मागेच म्हटलं होतं’ यांचेही तेच. मराठीत असे छोटे शब्द सूर ठरवतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर आवाज आणि चेहरा नसल्यामुळे ते आणखी टोचतात.

दुसरी गोष्ट, ‘किती दिवस लागतील?’ याचे उत्तर साहेबांकडे नसते. मंजुरीला त्यांना एक मिनिट लागते, पैसे कधी येणार हे फायनान्सला माहीत. ज्या प्रश्नाचे उत्तर समोरच्याकडे नाही, तो प्रश्न तो बाजूला ठेवतो. निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही आणि गैरसमज वाढतो.

तिसरे, ‘मला पैशांची गरज आहे’. हे खरे आहे. २८ तारखेला कार्डाची पूर्ण रक्कम भरली नाही तर व्याज लागते, आणि ते शेवटच्या तारखेपासून नव्हे, तर खर्च केला त्या तारखेपासून मोजले जाते. ‘किमान रक्कम’ भरून विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. महिना साडेतीन टक्के दर धरला तर ६,३८० रुपयांवर एका महिन्याचे व्याज सुमारे २२३ रुपये होते, त्यावर जीएसटी वेगळा. शिवाय पूर्ण थकबाकी चुकती होईपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. म्हणजे कंपनीच्या कामासाठी केलेल्या खर्चाचे व्याज कर्मचारी भरतो.

तरीही पहिल्या आठवणीत हे कारण देऊ नये. स्वतःची अडचण सांगितली की हक्काची परतफेड उसनवारीसारखी दिसू लागते आणि साहेबांनाही अवघडल्यासारखे होते. त्याऐवजी कार्यालयाची तारीख पुढे करावी. २० तारीख कंपनीने ठरवलेली आहे. तिची आठवण करून देणे म्हणजे कामाची माहिती देणे. खरोखर हात आखडला असेल तर ते संदेशात न लिहिता भेटून सांगावे.

मग लिहायचे काय?

चांगल्या आठवणीत चार गोष्टी पुरतात : कोणता क्लेम, तो कुठे आहे, साहेबांनी करायची एकच कृती आणि ती कधीपर्यंत. आपल्या इंजिनीअरने दुसऱ्यांदा लिहिले ते असे :

‘सर, वाळूजच्या दौऱ्याचा (३ ते ५ तारीख) खर्चाचा क्लेम ९ तारखेला टाकला आहे. रक्कम ९,४०० रुपये. पोर्टलवर तो तुमच्या मंजुरीसाठी दिसतोय. फायनान्सची यादी २० तारखेला बंद होते, त्याआधी तुमच्या नजरेखालून गेला तर याच महिन्यात बसेल. एखाद्या बिलाबद्दल काही हवं असेल तर सांगा, आजच देतो.’

यात ‘तुम्ही मंजूर केला नाही’ असे कुठेही नाही. वाक्याचा कर्ता साहेब नसून क्लेम आहे : तो ‘दिसतोय’, तो ‘बसेल’. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. उशिराचे कारण आपल्या कागदांत असू शकते, हे त्यात मान्य केले आहे. साहेबांना सबब सांगावी लागत नाही आणि खरी अडचण असली तर ती बाहेर येते.

दोन शब्दप्रयोग मात्र टाळावेत. ‘गैरसमज नसावा’ असे लिहिले की ज्याच्या मनात गैरसमज नव्हता त्याच्याही मनात तो डोकावतो. आणि ‘सवड मिळाली की बघा’ हे नम्र वाटते, पण त्याने २० तारखेची धारच जाते. साहेबांना सवड २३ तारखेला मिळाली तर चूक कुणाची? ‘सॉरी, त्रास देतोय’ याचीही गरज नाही. क्लेम मंजूर करणे हा साहेबांच्या कामाचाच भाग आहे.

ज्या कार्यालयात साहेबांना नावाने हाक मारतात तिथे ‘सर’ आणि ‘तुम्ही’ बदलेल, वाक्यरचना तीच राहील. रोज ‘अरे’ म्हणून बोलणाऱ्याने या एका संदेशात एकदम ‘आदरणीय’ व्हायचे नसते. सूर अचानक बदलला की समोरचा सावध होतो.

कधी आणि कुठे पाठवायचे?

लोकलमध्ये लिहायला हरकत नाही, पण पाठवावे कार्यालय सुरू झाल्यावर. रात्री अकराला आलेला पैशांचा संदेश कितीही सौम्य असला तरी घाईचा वाटतो. टीमच्या ग्रुपवर तर हा विषय काढूच नये. सगळ्यांसमोर विचारले की ती आठवण राहत नाही, जाब होतो. दिवस निवडताना यादी बंद होण्याच्या तीन-चार दिवस आधीचा निवडावा. १६ तारखेला पाठवले तर एखादे बिल कमी निघाले तरी ते द्यायला वेळ उरतो. १९ ला पाठवले तर साहेबांना डोळे मिटून मंजुरी द्यावी लागते, आणि तसे करायला ते कचरतात.

साहेब कशामुळे थांबतात?

आपल्या उदाहरणात साहेबांनी दुपारी उत्तर दिले : ‘बघितला होता. टॅक्सीचं बिल नाहीये ना, म्हणून ठेवला.’ संभाजीनगर स्थानक ते वाळूज आणि परत अशा टॅक्सीचे १,१२० रुपये होते. इंजिनीअरने पुरावा म्हणून यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडला होता. त्यात चालकाचे नाव, रक्कम आणि वेळ दिसते. कुठून कुठे गेलात आणि कशासाठी, हे दिसत नाही. तसा क्लेम पुढे पाठवला तर फायनान्सचा प्रश्न साहेबांनाच येणार. नाकारला तर मुलाचे सगळेच पैसे अडकणार. म्हणून त्यांनी दोन्हींपैकी काहीच केले नाही. क्लेम रखडण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे, आणि त्यात अविश्वासाचा प्रश्न कुठेच नाही.

यावर उपाय म्हणजे स्थानिक प्रवासाचे व्हाउचर. तारीख, कुठून कुठे, वाहन, रक्कम, कारण आणि सही, एवढेच त्यात असते. बिल न देणाऱ्या रिक्षा-टॅक्सीसाठी अनेक कंपन्या ते ठरावीक मर्यादेपर्यंत स्वीकारतात. इंजिनीअरने ते भरून १७ तारखेला स्क्रीनशॉटसोबत जोडले, १८ ला मंजुरी आली आणि २५ ला पैसे. कंपनी व्हाउचर स्वीकारत नसेल तर दुसरी वाट अशी की तेवढी एक नोंद क्लेममधून काढून बाकीचे ८,२८० रुपये आधी सोडवून घ्यायचे आणि १,१२० चा क्लेम वेगळा टाकायचा. एका बिलासाठी सगळा क्लेम रखडवण्यात कुणाचाच फायदा नाही.

उत्तरच आले नाही तर?

दुसरी आठवण दोन कामाच्या दिवसांनी, त्याच संदेशाच्या खाली द्यावी. ‘पुन्हा आठवण करतोय’ असे न लिहिता काहीतरी नवे सांगावे : ‘सर, यादी उद्या संध्याकाळी बंद होतेय. क्लेमची लिंक खाली देतोय.’ तरीही उत्तर नाही तर लिहिणे थांबवून भेटावे. ‘सर, दोन मिनिटं आहेत का? क्लेमबद्दल काही प्रश्न आहे का, तेवढं विचारायचं होतं.’ साहेब रजेवर किंवा परदेशी असतील तर मंजुरीचा अधिकार त्यांनी कुणाकडे दिला आहे का, हे विचारता येते. बहुतेक पोर्टलवर तशी सोय असते.

यानंतरही क्लेम हलला नाही तर फायनान्सला लिहावे, पण साहेबांना आधी सांगून आणि त्यांना प्रत ठेवून : ‘सरांकडे मंजुरी बाकी आहे, या महिन्यात बसण्यासाठी आणखी काही करता येईल का?’ साहेबांना न कळवता वर जाणे म्हणजे आतापर्यंत जपलेला सूर एका फटक्यात घालवणे.

शब्दांची मर्यादा कुठे येते?

मंजुरी मिळून दोन याद्या उलटल्या आणि इतर सहकाऱ्यांचेही पैसे आलेले नाहीत, तर अडचण साहेबांची नसून कंपनीकडच्या पैशांची असू शकते. तिथे आठवण कितीही नीट लिहिली तरी उपयोग नाही. मग पुढच्या दौऱ्याआधी आगाऊ रक्कम मागावी किंवा तिकीट आणि हॉटेल कंपनीनेच काढावे असे सुचवावे. ‘मागच्या दौऱ्याचे ९,४०० येणं बाकी आहे, त्यामुळे या वेळी ॲडव्हान्स मिळाला तर बरं’ हे वाक्य सरळ आहे आणि त्यात कुणावर ठपकाही नाही.

आणि राजीनामा दिलेला असेल तर शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. वेतन संहितेत नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करण्याची तरतूद आहे, पण ती वेतनापुरती. दौऱ्याचा खर्च त्यात येत नाही. शिवाय शेवटच्या दिवशी कंपनीचे लॉगिन बंद होते आणि त्याबरोबर पोर्टलवरचा क्लेम व जोडलेली बिलेही हाताबाहेर जातात. त्यामुळे क्लेमचा क्रमांक, बिलांच्या प्रती आणि मंजुरीची ई-मेल त्याआधीच स्वतःकडे काढून ठेवलेली असावी.